चेहरा न दाखवता यूट्यूब चॅनल: स्टॉक फुटेज की स्क्रीन रेकॉर्डिंग?

कोरंपान: मी सेवा केंद्रात काम करते. सातबारा, फेरफार यांवर मराठीत यूट्यूब चॅनल काढायचंय, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला नको वाटतं. आवाज माझा आणि वर शेताची फुकट मिळणारी स्टॉक दृश्यं, असं चालेल का? की चेहरा नसला तर लोक विश्वासच ठेवत नाहीत?

बांधावरचा: नाही ठेवत. जमिनीचा विषय आहे, माणूस आधी "तू कुठला, कुणाचा" हे बघतो. परवा पीकविम्यावरचा एक व्हिडिओ लावला. आवाज मराठी, आणि वर नजर पोचेल तिथवर मका, त्यात अजस्र हार्वेस्टर, मध्ये एकही बांध नाही. तिथेच बंद केला. बोलणाऱ्याने आपलं शेत पाहिलेलंच नाही, तर त्याचं कशाला ऐकू?

रात्रपाळी: शिवाय पैसेही मिळणार नाहीत. 15 जुलै 2025 पासून यूट्यूबने फेसलेस चॅनलचं मॉनेटायझेशन बंद केलंय.

टेबलमाईक: तारीख बरोबर आहे, अर्थ चुकला. त्या दिवशी यूट्यूबने जुन्या 'रिपिटिशस कंटेंट' नियमाचं नाव बदलून 'इनऑथेंटिक कंटेंट' केलं. रोख आहे तो एकाच साच्यातून काढलेल्या, एकमेकांसारख्या व्हिडिओंवर. चेहरा दिसलाच पाहिजे अशी अट तेव्हाही नव्हती, आताही नाही. मात्र तीच ती दृश्यं आणि वर वाचून दाखवलेला मजकूर असे पन्नास व्हिडिओ टाकले, तर अडचण येणारच.

कोरंपान, बांधावरच्यांचं मक्याबद्दलचं म्हणणं मला पटतं, चेहऱ्याबद्दलचं नाही. तुमच्या विषयात दाखवण्याजोगी गोष्ट म्हणजे सातबारा मिळतो ती वेबसाइटच आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं, गट नंबर टाकला आणि उतारा उघडला, हे डोळ्यांसमोर घडलं की विश्वास बसतो. स्टॉक दृश्य सुरुवातीला चार सेकंद पुरे.

ओलीपायवाट: मला पण चेहरा दाखवायचा नाही, कारण सासरी कळायला नको. पैसे आले तर नाव कुठे दिसतं का?

टेबलमाईक: ताई, हा जरा वेगळा प्रश्न आहे. चॅनलला कुठलंही नाव देता येतं, पण पैसे ज्यातून येतात त्या ॲडसेन्सला खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. पत्ता पडताळायला पिनचं पत्र पोस्टाने घरी येतं. ते कुणाच्या हातात पडेल, याचा विचार आधीच करा.

कोरंपान: मोबाइलवर एक व्हिडिओ करून पाहिला. स्क्रीन रेकॉर्ड केली, आवाज नंतर वेगळा घेतला. सुरुवातीला जुळत होतं, पण शेवटी मी "आता शोधा दाबा" म्हणते तेव्हा पान आधीच उघडलेलं असतं. आणि बहिणीला तिच्या फोनवर अक्षरंच वाचता येईनात.

टेबलमाईक: मोबाइलचा रेकॉर्डर बहुतेक वेळा एकसारख्या वेगाने फ्रेम घेत नाही. स्क्रीन स्थिर असली की कमी, हलली की जास्त. काही एडिटिंग ॲप ते नीट धरत नाहीत, मग फरक हळूहळू साठत जातो. सुरुवात जुळते आणि शेवट सरकतो, हीच त्याची खूण. फाइल आधी संगणकावर `HandBrake` मधून `Constant Framerate` निवडून काढा, मग एडिट करा. सुरुवातीपासूनच फरक असता तर नुसता आवाज मागेपुढे सरकवून भागलं असतं.

अक्षरांसाठी स्क्रीन संगणकावरच `OBS Studio` ने रेकॉर्ड करा आणि ब्राउझरचा झूम दीडशे ते दोनशे टक्के ठेवा. पान अर्धंच दिसेल, दिसू द्या. बघणारा फोनवर आहे. रेकॉर्डिंग `mkv` मध्ये घ्या. मध्येच वीज गेली तरी तोवरचं सहसा वाचतं, `mp4` मध्ये अख्खी फाइल जाऊ शकते.

आणि गिऱ्हाइकाचा उतारा दाखवू नका. नाव नंतर पुसट करायचं म्हटलं तरी पान वर सरकताना एखाद्या फ्रेममध्ये ते उघडं पडतंच. घरचाच गट घ्या, तोही घरच्यांना विचारून.

रात्रपाळी: आवाज वेगळा कशाला? स्क्रीन चालू असतानाच बोलावं, जुळवायची भानगडच नको.

टेबलमाईक: कॅप्चा चुकला, साइट अडकली, की त्यासोबत तुमचं "अं… थांबा" पण येतं. मी आधी लिहितो, आवाज घेतो, मग तो कानात ऐकत स्क्रीन चालवतो. आठ मिनिटांच्या व्हिडिओला मला साधारण नऊशे शब्द लागतात.

रात्रपाळी: मला ते अडखळणंच खरं वाटतं. साइट अडकते तेव्हा काय करायचं, हेच तर लोकांना हवं असतं.

बांधावरचा: हे मात्र पटलं. पण साइटचं रूप बदललं की हा व्हिडिओ शिळा. तेव्हा लोक विचारणार कुणाला? निदान हात तरी दाखवा, कागदावर बोट ठेवून.

कोरंपान: हात चालेल मला. आबांचा छापील सातबारा घरात आहे. उद्या केंद्र बंद झाल्यावर टेबलावर ठेवून, वरून फोन लावून बघते. पंख्याचा आवाज येतो, तो बंदच ठेवेन.