६४० जीबी फोटो क्लाउडवर चढवायला किती दिवस धरू?

कृष्णाकाठ_सांगली: लग्नांच्या शूटिंगचे जुने फोटो-व्हिडिओ, विंडोज ६४० जीबी दाखवतंय. घरी ४० एमबीपीएसचा प्लॅन, तोही जुन्या तांब्याच्या तारेवरचा. ॲप आत्ता ‘६ दिवस’ म्हणतंय, तासाभरापूर्वी ‘२३ दिवस’ म्हणत होतं. नक्की किती?

बंडू८१: सोपंय. ४० भागिले ८ म्हणजे सेकंदाला ५ एमबी. दीड दिवसात काम फत्ते.

रात्रपाळी: बंडू, आठानं भागलंस ते बरोबर, पण ४० हा डाउनलोडचा आकडा झाला. तांब्याच्या तारेवर अपलोड त्याच्या कितीतरी खाली असतो. कृष्णाकाठ, स्पीड टेस्टमध्ये अपलोड किती दिसतो?

कृष्णाकाठ_सांगली: ४ च्या आसपास.

रात्रपाळी: मग असं धरा. १ एमबीपीएस दिवसभर सलग चालला तर पावणेअकरा जीबी चढतात. ४ ला ४३. पण प्रत्यक्षात दहाएक टक्के गळतात, म्हणून ३९ धरा. दुसरी मेख विंडोजची: तो १०२४ च्या हिशोबानं मोजतो, त्यामुळे त्याचे ६४० म्हणजे आपले ६८७. भागून बघा, साडेसतरा दिवस. ॲपच्या आकड्याकडे बघू नका, ते गेल्या काही मिनिटांच्या वेगावरून बोलतं. मोठा व्हिडिओ चालू असला की खूश, हजारभर बारक्या जेपीजी आल्या की रडकुंडीला.

माहेरवाशीण: माझंही असंच, सिनेमा डाउनलोड व्हायला रात्र जाते! राउटर बदलू का?

रात्रपाळी: ताई, तुमचं उलट्या दिशेचं दुखणं आहे. वेगळा धागा काढा.

गोडबोले_काका: प्लॅनची मर्यादाही बघा हो. आमचा डेटा संपला की वेग २ वर येतो.

बंडू८१: अपलोड त्यात मोजत नाहीत, आमच्या लाइनमननं सांगितलंय.

रात्रपाळी: माझ्याकडे तरी दोन्ही मोजतात. प्लॅनच्या अटी वाचल्याशिवाय पैज लावू नका.

कृष्णाकाठ_सांगली (दोन दिवसांनी): पहिल्या दिवशी फक्त २९ जीबी गेले! शिवाय बायकोचा व्हिडिओ कॉल सारखा अडकतोय.

रात्रपाळी: २९ म्हणजे अठरा तासांचं काम. बाकीचे सहा तास लॅपटॉप झोपला असणार, स्लीप बंद करा. कॉलचं कारण म्हणजे अपलोडची वाट पूर्ण भरलीय, मग आलेला डेटा मिळाल्याच्या पावत्यासुद्धा रांगेत अडकतात आणि डाउनलोडही मंदावतो. ॲपमध्ये दिवसा ३ ची मर्यादा घाला, रात्री मोकळं सोडा. तिथं एकक नीट बघा. किलोबाइटमध्ये मागत असेल तर ३७५ लिहा.

कृष्णाकाठ_सांगली: काल ३५ गेले, कॉलही चालला. म्हणजे वीस दिवस. वीज गेली तर अर्धा चढलेला १२ जीबीचा व्हिडिओ परत पहिल्यापासून जातो का?

रात्रपाळी: ते ॲपवर आहे. एकदा मुद्दाम पॉज करून, लॅपटॉप रीस्टार्ट करून टक्केवारी बघा.