प्रवासपट पाहून आखलेले आणि आठवलेले प्रवास : नॉर्वेची रेल्वे आणि किनारपट्टीची बोट

नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने, म्हणजे एनआरकेने, नोव्हेंबर २००९ मध्ये बर्गन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास सात तासांहून थोडा अधिक वेळ, जसाच्या तसा दाखवला. त्या लोहमार्गाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती आणि सुमारे बारा लाख लोकांनी त्याचा कमीअधिक भाग पाहिला. मी तो गेल्या पावसाळ्यात तीन रात्रींत पाहिला. पुढच्या वर्षी आम्ही दोघे नॉर्वेला जायचे ठरवत आहोत. असे लांबलचक, न कापलेले माहितीपट पाहून ज्यांनी प्रत्यक्ष प्रवास आखला, किंवा जुना प्रवास आठवून ते पुन्हा पाहिले, त्यांनी पडद्यावर काय दिसले आणि काय दिसले नाही ते कृपया सविस्तर लिहावे. गाडीत कोणत्या बाजूला बसावे, हा माझा स्वतःचा प्रश्न आहे.

नागपूर, निवृत्त शिक्षक

बाजूचा प्रश्न सोपा आहे. मी तो माहितीपट दोनदा पाहिला आहे. डोंगर आणि तळी बहुतेक डावीकडे येतात, त्यामुळे ओस्लोहून निघताना डावी बाजू पकडावी. आम्ही २०१८ मध्ये तसेच बसलो होतो आणि आमची निराशा झाली नाही.

डोंबिवली, रेल्वेतील निवृत्त अभियंता

सरांच्या सांगण्यात एक गफलत आहे. माहितीपट बर्गनहून ओस्लोकडे जातो. त्यात डावीकडे दिसलेले तळे ओस्लोहून येताना उजवीकडे येणार. सर डावीकडे बसून खूश झाले असतील तर ते खरेच, पण त्याचे श्रेय माहितीपटाला देता येणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्यातले मुख्य दृश्य इंजिनाच्या समोरून घेतलेले आहे. ते चालकाला दिसणारे दृश्य आहे, प्रवाशाला दिसणारे नव्हे. मिर्दाल ते फिन्से या उंचावरच्या भागात बर्फापासून रुळांचे रक्षण करणारी छपरे ठिकठिकाणी आहेत. समोरून पाहताना छपराच्या पलीकडचा उजेड दिसत राहतो, त्यामुळे सलगता तुटत नाही. खिडकीतून मात्र तेच छप्पर फळ्यांच्या भिंतीसारखे अंगावर येते, आणि कॅमेरा उघडेपर्यंत दरी निघून गेलेली असते. शिवाय फिन्सेजवळचा बोगदा दहा किलोमीटरहून लांब आहे. माहितीपटात बोगद्यांच्या वेळी रेल्वेच्या इतिहासाची जुनी दृश्ये घातली आहेत, म्हणून ती मिनिटे जाणवत नाहीत. गाडीत तेव्हा फक्त काळोख असतो.

मी आखणी करताना असे केले. माहितीपट पाहताना वही घेतली आणि प्रत्येक स्थानकाची वेळ लिहिली. वॉसनंतर चढ सुरू होतो. मिर्दाल बर्गनपासून सुमारे दोन तासांवर आहे आणि तिथे फ्लोमची छोटी गाडी मिळते. ती वीस किलोमीटरच्या मार्गात समुद्रसपाटीजवळ उतरते, चढण अठरास एक, म्हणजे दर अठरा मीटरला एक मीटर. हे अंतर तासाभराचे आहे. एवढे कळल्यावर मी ओस्लोपर्यंत एका दमात जाण्याचा बेत सोडला आणि मिर्दालला उतरून फ्लोमला मुक्काम ठेवला. फ्लोमहून गुडवांगेनची बोट नॅरोयफ्योर्डमधून जाते, तिला सुमारे दोन तास लागतात. त्या दिवसाचा सगळा हिशेब घरी बसून झाला होता.

दुबई, मूळचा चिपळूणचा

माझा प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण रेल्वेचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी नॉर्वे पाहिले नाही. मी पाहतो ते कोकण रेल्वेच्या इंजिनातून टिपलेले व्हिडिओ, आणि तेही सुट्टी न मिळालेल्या गणपतीत. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात पडदा काळा होतो तेव्हा मी मुद्दाम पुढे ढकलत नाही, कारण लहानपणी त्या बोगद्यात आई खिडकी बंद करायची आणि डब्यात लोखंडाचा वास भरायचा. अभियंताकाकांचे म्हणणे मला पटले. पानवलच्या पुलावर खाली ६४ मीटर खोल दरी आहे, पण समोरच्या कॅमेऱ्यात फक्त रूळ आणि कठडे येतात. ती खोली पाहायला दारात उभे राहणारा मामाच हवा.

सातारा, गृहिणी

माझा अनुभव जरा वेगळा आणि कडू आहे. मी रेल्वेचा नव्हे, तर बोटीचा माहितीपट पाहिला. जून २०११ मध्ये बर्गन ते किर्केनेस हा किनारी बोटीचा १३४ तासांचा प्रवास सलग दाखवला होता. त्यात बंदरावर जमलेली माणसे, झेंडे, रात्री बारालाही उजेड, हे सारे बघून मी हट्ट धरला. एका सहल कंपनीने डिसेंबरचे तिकीट स्वस्त म्हणून सुचवले आणि मी होकार दिला. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही आणि डिसेंबरमध्ये तो उगवत नाही, हे मी शाळेत शिकले होते, पण माहितीपट पाहताना ते डोक्यात आले नाही. ट्रोम्सोला बोट दुपारी पोहोचली तेव्हा पूर्ण अंधार होता. दुपारी बाराच्या सुमारास तासदोन तास निळसर उजेड यायचा, आणि तेवढ्यात माणसे डेकवर धावायची. उत्तरदीप्ती दोन रात्री दिसली, तिचे समाधान आहे, पण मी डोंगर पाहायला गेले होते.

डोंबिवली, रेल्वेतील निवृत्त अभियंता

ताईंना एक सांगायला हवे होते. ही बोट जाताना जी बंदरे रात्री घेते त्यांतली बरीचशी परत येताना दिवसा घेते. म्हणून एका दिशेचे तिकीट काढणाऱ्याने माहितीपट पाहताना घड्याळ बघावे आणि आपल्याला हवे ते बंदर किती वाजता येते ते लिहून ठेवावे. ऋतूचा अंदाज घ्यायचा असेल तर ट्रॉन्हाइम ते बोडो या रेल्वेमार्गाचा २०१२ चा माहितीपट पाहावा. तोच मार्ग चारही ऋतूंत टिपून उपग्रहाच्या ठिकाणनिश्चितीने एकमेकांशी जुळवला आहे. एकाच वळणावर हिमाचे शेत उन्हाळी हिरवळीत विरघळते. कधी जावे, हे मला त्यावरून ठरवता आले.

कोल्हापूर, वय ७४

माझ्या मुलाची नोकरी ओस्लोला होती, म्हणून २०१४ मध्ये आम्ही दोघे ती गाडी धरून गेलो होतो. फिन्से हे १२२२ मीटरवरचे स्थानक, तिथे मोटाररस्ता जात नाही. गाडी थांबली की सगळे खाली उतरून दीर्घ श्वास घेतात. ह्यांनी फलाटावर पाय ठेवला आणि थंडीने हसू आले त्यांना, कानटोपी विसरली होती. मी माझी शाल त्यांच्या डोक्यावर गुंडाळली, आणि एका नॉर्वेजियन बाईने आमचा फोटो काढला.

गुडघ्यांमुळे आता प्रवास होत नाही. मी माहितीपट फिन्सेपाशी थांबवते. तिथे फलाटावर माणसे असतात, पण ती त्या वर्षीची नसतात, आणि सुरुवातीला मला त्याचाच राग यायचा. आता मी फलाटाच्या लांबीकडे बघते. आमचा डबा कुठे उभा होता तेवढे कळले की पुरते.

नागपूर, निवृत्त शिक्षक

दिशेबद्दल अभियंतासाहेबांचे बरोबर आहे. मी पुन्हा पाहिले. आम्ही मात्र ओस्लोहूनच निघालो होतो आणि डावीकडेच बसलो होतो, आणि तळे डावीकडेच दिसले होते. मग कदाचित तळी दोन्ही बाजूंना असावीत.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मी आज रात्री वही घेऊन पुन्हा बसणार आहे आणि वॉसपासून फिन्सेपर्यंत प्रत्येक मोठे पाणी कोणत्या बाजूला येते ते मिनिटासकट लिहून इथे देतो. फिन्सेच्या फलाटावर आम्ही उतरू तेव्हा कोल्हापूरच्या काकूंसाठी त्याचा एक फोटो नक्की काढू. त्यांचा डबा इंजिनाकडून कितवा होता, हे त्यांना आठवत असेल तर कळवावे.