पीडीएफमधले फोटो, पान 33 आणि स्क्रीनशॉटवाले

मेनरोडकर: वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकेतले फोटो हवेत म्हणून लोक सॉफ्टवेअर शोधत बसलेत. पीडीएफ मोठी करा, स्क्रीनशॉट मारा, photo1, photo2 अशी नावं द्या. अर्ध्या तासाचं काम. उगाच शास्त्र करू नका.

गंगाघाट: तुमच्या अर्ध्या तासानंतरचे तीन दिवस मी निस्तरलेत, म्हणून लिहितोय. कमिटीतल्या एकानं पेनड्राइव्हवर photo1 ते photo58 आणून दिले. कुठला फोटो कुठल्या पानावरचा, कुणाला पत्ता नाही. शेवटी पंचवटीतल्या एका आजोबांच्या घरी लॅपटॉप नेला. चार कप चहा झाला आणि त्यांनी निम्मे चेहरे ओळखले. उरलेल्यांना अजून नाव नाही.

बरं, नावं जाऊ द्या. पान 33 वरचा बक्षीस समारंभाचा फोटो पीडीएफच्या आत 1800 बाय 1200 पिक्सेलचा आहे. पानावर तो सहा इंच रुंद बसवलाय, म्हणजे इंचाला 300. दीडशे टक्के झूमवर घेतलेला त्याचाच स्क्रीनशॉट भरला 864 पिक्सेल. मोबाइलवर झकास दिसतो. सहा इंचात छापायला घेतलात की इंचाला 144च उरतात आणि मागच्या रांगेतल्या बायका धुक्यात जातात. आतला फोटो जसाच्या तसा मिळत असताना त्याचा फोटो काढायचा, हे मला तरी कळत नाही. पॉपलर टाकून घ्या, फुकट आहे; त्यातली pdfimages ही कमांड पीडीएफमधले फोटो बाहेर काढते.

```
pdfimages -list -f 33 -l 33 smaranika.pdf
pdfimages -all -p -f 33 -l 37 smaranika.pdf sm
```

पहिल्या ओळीनं काही निघत नाही, नुसती यादी दिसते. त्यात `width` आणि `x-ppi` बघा, फोटो किती कामाचा ते तिथेच कळतं. दुसरीनं फोटो निघतात. `-all` मुळे जेपीजी असेल तर पुन्हा न दाबता तसाच बाहेर येतो आणि `-p` मुळे नावात पान येतं: `sm-033-000.jpg`.

कॉलेजरोड: बरोबर. मधला आकडा पानाचा आणि शेवटचा म्हणजे त्या पानावरचा कितवा फोटो. शून्यापासून मोजायचं, एवढं लक्षात ठेवा.

गंगाघाट: पहिलं बरोबर, दुसरं नाही. शेवटचा आकडा पान बदललं म्हणून शून्यावर येत नाही, अख्ख्या फेरीत वाढतच जातो. 33 वर दोन फोटो होते, म्हणून 34 वरचा पहिला `sm-034-002.jpg` झाला. उद्या पान 1 पासून काढलेत तर त्याच फोटोला भलताच आकडा मिळेल. भरवसा फक्त मधल्या आकड्यावर ठेवा. आणि क्रम वरून खाली असेलच असं नाही, पान रचताना जे आधी काढलं गेलं ते आधी.

मेनरोडकर: थांबा. माझ्याकडे छापील अंक आहे. पान 33 वर मिठाईच्या दुकानाची जाहिरात आहे, समारंभ 29 वर आहे. एवढं शास्त्र करून पान चुकलंच ना?

गंगाघाट: चुकलं नाही. पीडीएफ कव्हरपासून मोजते, छपाईवाल्यानं पहिली चार पानं बिनआकड्याची सोडलीत. 33 वजा 4.

मेनरोडकर: म्हणजे वाचणाऱ्यानं प्रत्येक वेळी वजाबाकी करायची. वा! माझं photo1 काय वाईट होतं?

सातपूरकर: त्या वजाबाकीनंच माझा घात केला. वरच्याच पाच पानांचे फोटो काढले आणि नावं छापील पानांवर आणायला हे लिहिलं:

```bash
p=$(echo "$f" | cut -d- -f2)
n=$((p - 4))
```

033 चं 29 व्हायला हवं होतं, झालं 23. एकही एरर नाही. पाचही फोटो 29 ते 33 ऐवजी 23 ते 27 झाले आणि त्या पानांवरच्या फोटोओळी त्यांच्याखाली चिकटल्या. ढाल घेणाऱ्या मुलीखाली ‘कै.’ लावून एका दिवंगत विश्वस्तांचं नाव छापलं गेलं. तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी रविवार कारंज्यावर मिसळ खात होतो. तर्री कुठे गेली कळलं नाही.

कारण आठवड्यानं सापडलं. सुरुवातीला शून्य दिसलं की बॅश तो आकडा अष्टमान समजतं, मग 033 म्हणजे 27. पान 38 चा एखादा फोटो असता तर 8 बघून ते अडलं असतं आणि मी वाचलो असतो. आता असं लिहितो:

```bash
n=$((10#$p - 4))
```

कॉलेजरोड: म्हणून तर म्हणते, पीडीएफचं पान तसंच ठेवा. फाइल उघडली, 33 टाइप केलं, पोचलात.

मेनरोडकर: आणि ज्याच्या हातात पुस्तक आहे त्यानं?

डीटीपी काका: तुम्ही सगळे पानांवर भांडताय. मी तीस वर्षं पानं लावतोय, ऐका. पीडीएफमधून निघाला म्हणजे मूळ फोटो नव्हे. इनडिझाइनमधून प्रेस क्वालिटीला काढली की इंचाला 450 च्या वरचे फोटो 300 वर आणले जातात. कॅमेऱ्यातला फोटो हवा तर ज्यानं काढला त्याच्याकडे जा.

गंगाघाट: काका, तो फोटोग्राफर वारला. आणि लावणाऱ्यानं पानं लावलेली मूळ ओपन फाइल दिली असती तर हा धागा निघालाच नसता.

डीटीपी काका: ओपन फाइल का द्यायची? पैसे छपाईचे दिले होते. एका संस्थेला दिली, पुढच्या वर्षी त्यांनी तीच दुसऱ्याकडे नेली, फक्त साल बदललं. मला साधा फोन नाही.

कॉलेजरोड: फोटो आमचे, लेख आमचे, आणि फाइल तुमची?

डीटीपी काका: मांडणी माझी. रात्री दोनला अध्यक्षांचं मनोगत तीनदा बदललं, ते कोणी मोजलं? शालिमारला शिंप्याकडे कपडा टाकता तेव्हा पॅटर्नचा कागद मागता का?

सातपूरकर: उरलेलं कापड मात्र मागतो.

डीटीपी काका: मग कापडाचंच ऐका. ओपन फाइल नसली तरी तुम्हाला नको तेवढं मिळतं. पानावर फोटो कापलेला दिसतो, पण बरेचदा तो नुसता झाकलेला असतो. आमच्याकडे एक्सपोर्टला झाकलेला भाग कापायच्या पर्यायावर टिक करायची राहिली. कुणीतरी फोटो बाहेर काढले, तर पानावर चार विश्वस्त आणि फाइलीत पाच. पाचवे वर्षभरापूर्वीच भांडून गेलेले. बोलणी मी खाल्ली.

गंगाघाट: हे मात्र मान्य. काढलेला प्रत्येक फोटो छापील पानाशी ताडून बघायलाच हवा. एक फोटो माझ्याकडेही आडवा निघाला होता, पानावर तो फिरवून लावला होता.

द्राक्षबाग: माझ्याकडे माती परीक्षणाचा रिपोर्ट आहे, त्यातला आलेख पाहिजे. ही कमांड चालवली तर अख्खं पानच आलं, सही-शिक्क्यासकट. काय चुकलं?

गंगाघाट: काही नाही. तो स्कॅन आहे, आत पानभर एकच चित्र आहे. आलेख कापूनच घ्यावा लागेल.

मेनरोडकर: म्हणजे स्क्रीनशॉट.

गंगाघाट: स्क्रीनशॉट नाही, निघालेलं पान उघडून त्यातून कापायचं. पिक्सेल जात नाहीत.

मेनरोडकर: ठीक आहे, पिक्सेल तुमचे, जिंकलात. पण पान 29 च म्हणायचं.

कॉलेजरोड: 33.