२७ अंशांत कार्बोरेटरमध्ये बर्फ? मदत हवी आहे

उडता_पोपट: पीपीएलसाठी सेस्ना १५० वर शिकतोय. काल बाहेर तापमान २७, दवबिंदू २३, पाऊस नव्हता. डाउनविंडला थ्रॉटल १५०० आरपीएमला आणला, हात काढला, तरी आकडा हळूहळू १३५० पर्यंत घसरला. सरांनी कार्ब हीट ओढली तर इंजिन आणखीच खडखडायला लागलं. थोड्या वेळाने आपोआप सुरळीत झालं आणि आरपीएमही चढले. सर म्हणाले, बर्फ. पण खाली मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. घाम येत असताना बर्फ कसा होईल?

बुलेटप्रेमी: माझ्या जुन्या बुलेटचंही घाटात असंच होतं. जेट साफ करून घ्या.

नाशिककर: जेटमध्ये कचरा असता तर कार्ब हीटने बरं झालं नसतं. व्हेंचुरीत हवेचा दाब कमी होतो, म्हणून ती गार होते. तेच कारण.

जुना_एएमई: नाशिककर, ते खरं, पण त्यात दाबाचा वाटा लहान. खरा गारवा पेट्रोलच्या वाफेचा. तळहातावर स्पिरिट ओतलं की गार लागतं, तसंच. दोन्ही मिळून तापमान ३० अंशांनीही उतरू शकतं, म्हणजे तुमचे २७ शून्याखाली गेले.

आता पाणी बघा. दवबिंदू २३ म्हणजे घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम वाफ. हे इंजिन १५०० ला मिनिटाला ढोबळमानाने घनमीटरभर हवा ओढतं. त्यातली थोडीशी वाफ जरी थ्रॉटलच्या पाकळीवर गोठली तरी पुरे, कारण कमी पॉवरला तिथे फट मुळातच बारीक असते. कडाक्याच्या कोरड्या थंडीत वाफच नसते, म्हणून धोका कमी.

कार्ब हीटने आधी बिघडलं ते अपेक्षितच. गरम हवा विरळ, मिश्रण रिच होतं, शिवाय वितळलेलं पाणी इंजिनातून जातं. तेव्हा घाबरून नॉब परत आत ढकलू नका. आणि जमिनीवर येईपर्यंत पुरावा वितळून गेलेला असतो, मेकॅनिक बिचारा काय दाखवणार!

उडता_पोपट: म्हणजे आरपीएम पडायची वाट बघायची का?

जुना_एएमई: अजिबात नाही. थ्रॉटल मागे घेण्याआधीच कार्ब हीट पूर्ण ओढा. ती गरमी एक्झॉस्टची. इंजिन बंद पडलं की तीही आटत जाते.

घारीचे_पंख: आमच्याकडे फायनलला परत आत ढकलायला लावतात, गो-अराउंडला पूर्ण पॉवर मिळावी म्हणून.

जुना_एएमई: मी टचडाउनपर्यंत बाहेर ठेवायच्या बाजूचा. गो-अराउंडला थ्रॉटलपाठोपाठ आत ढकलता येते. यावर एकमत नाही. पोपटराव, तुमच्या विमानाचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा.

बुलेटप्रेमी: मग माझ्या बुलेटचं काय?