सल्ला हवा: संपूर्ण लघुपट मोबाईलच्या पडद्यावर, प्रसंग कसे लिहावेत?

खानापूरकर: पंधरा मिनिटांच्या लघुपटाची संहिता लिहीत आहे. सर्व काही पुण्यात नोकरी करणाऱ्या बहिणीच्या मोबाईलवरच घडते. वडिलांना बेळगावच्या दवाखान्यात दाखल केल्याचे खानापूरचा भाऊ तिच्यापासून लपवतो आणि ते तिला व्हिडिओ कॉल चालू असतानाच कळते. माझ्या खर्ड्यात मात्र दोन चेहरे नुसते बोलत राहतात.

निपाणीचा रसिक: पडद्यावरचे तपशील संहितेत लिहूच नका, ते संकलक पाहून घेतो. दोघांचा खरा कॉल लावून स्क्रीन रेकॉर्ड करावी, म्हणजे अभिनय नैसर्गिक होतो.

संकलक, टिळकवाडी: खरा कॉल लावावा हे योग्यच, कारण एकमेकांची वाक्ये तोडणे त्यातूनच सहज येते, परंतु चित्र त्या कॉलचे घेऊ नये. नेटवर्क मंदावले की ते फुटते आणि नंतर सुधारता येत नाही. प्रत्येक कलाकाराचे चित्रण वेगळ्या मोबाईलवर करून दोन्ही चित्रे संकलनात कॉलच्या चौकटीत बसवावीत. म्हणूनच तपशील संहितेत हवेत: बहिणीने वर आलेल्या निरोपाकडे कोणत्या वाक्यावर पाहायचे हे आधी ठरले नसेल, तर तिची नजर संकलनात बदलता येत नाही.

आपला प्रसंग मी असा लिहीन:

*दादा: "बाबा आत्ताच झोपले." वरच्या पट्टीत आत्याचा निरोप: "भाऊंना बेळगावला हलवलं." तिची नजर वर जाते, परत येते. ती आत्याला "कधी?" लिहिते, पुसते. "दादा, कॅमेरा फिरव, झोपलेले तरी बघू दे." दादा व्हिडिओ बंद करतो. पडद्यावर फक्त त्याचे नाव.*

"रेंज गेली" ही आयती पळवाट आहे. व्हिडिओ बंद करणे ही त्या माणसाची कृती आहे. निरोप सहा-सात शब्दांचाच ठेवावा, आपण तो दोनदा सावकाश वाचू शकू इतका वेळ पडद्यावर राहू द्यावा आणि त्या वेळी महत्त्वाचा संवाद ठेवू नये, कारण प्रेक्षक वाचताना ऐकत नाही.

शहापूरची वाचक: कॉलसाठी कोणते ॲप चांगले ते मला सांगता येणार नाही. आमच्या आईला मोबाईल नीट धरता येत नाही, त्यामुळे तिच्या कॉलमध्ये निम्मे कपाळ आणि वर घराची कौले दिसतात. ती मामाकडे गेली की छतावरूनच मला कळते.

संकलक, टिळकवाडी: ताई, खानापूरकरांना हेच हवे होते! घरी कौले आणि तुळया, दवाखान्यात पांढरे सपाट छत. मागून कन्नडमध्ये रुग्णाचे नाव पुकारले जाते आणि दादा घाईने माइक बंद करतो. मग आत्याचा निरोप काढूनच टाकावा.

खानापूरकर: कौले तिच्या ओळखीची आहेत, प्रेक्षकाच्या नाहीत. ती आधीच्या कॉलमध्ये दाखवायला हवीत आणि त्यात एक मिनिट जाईल. आत्याचा निरोप सध्या काढत नाही.

निपाणीचा रसिक: मला तरी निरोपच अधिक स्पष्ट वाटतो.