मदत हवी आहे: कंपनीच्या मेडिक्लेममध्ये वडील आणि सासूबाई अशी दोन नावं घालता येतील का? आणि बाळाचे ३० दिवस कधीपासून मोजायचे?

चिंचवडकर

आमच्या एचआरकडून काल मेल आलाय. पॉलिसी १ ऑक्टोबरला रिन्यू झाली, पोर्टल १० ऑक्टोबरच्या संध्याकाळी ६ ला बंद होणार. मेलमधले कामाचे मुद्दे माझ्या भाषेत देतो:

- स्वतः, जोडीदार आणि दोन मुलं यांचा ५ लाखांचा फ्लोटर, प्रीमियम कंपनीचा.
- आईवडील किंवा सासूसासरे घ्यायचे असतील तर वेगळा प्रीमियम आपल्या पगारातून. दोनपैकी एकच जोडी, सरमिसळ चालणार नाही.
- पोर्टल बंद झाल्यावर वर्षभरात फक्त नवीन लग्न झालेला जोडीदार आणि नवजात बाळ. तेही ३० दिवसांच्या आत कळवलं तर.

माझी अडचण अशी. आई ठणठणीत आहे. वडील ६७, बायपास झालेली. सासूबाई ६१, एकट्याच असतात, डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलाय. मला वडील आणि सासूबाई अशी जोडी हवी आहे. एचआरला फोनवर विचारलं तर "सर, मेलमध्ये दिलंय" एवढंच उत्तर.

दुसरं, बायकोची तारीख २५ ऑक्टोबरच्या आसपास आहे, म्हणजे पोर्टल बंद झाल्यावर. बाळाचं नाव आत्ताच घालून ठेवता येतं का?

निवांत_बाळू

बाळाची काळजी करू नका. ग्रुप पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर असतं, आपोआप. आमच्याकडे काहीच करावं लागलं नव्हतं.

मीनल_का

बाळूदादा, अर्धं बरोबर आहे, पण दुसऱ्या अर्ध्यात लोक अडकतात. मी सात वर्षं एका ब्रोकरकडे हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"पहिल्या दिवसापासून" याचा अर्थ, बाळ वेळेत कळवलं तर त्याचं कव्हर जन्मतारखेपासून धरतात. कळवलंच नाही तर विमा कंपनीच्या यादीत ते बाळ नसतंच. तुमच्या वेळी बहुधा एचआरमधल्या कुणीतरी मॅटर्निटीचा क्लेम बघून स्वतःच नाव पाठवलं असेल. सगळीकडे असा भला माणूस भेटत नाही.

चिंचवडकर, जन्माआधी नाव घालता येत नाही, कारण फॉर्मला जन्मतारीख लागते. आणि ३० दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, घरी आल्यापासून नाही. २५ ऑक्टोबरला जन्म झाला तर २४ नोव्हेंबरला खेळ संपला. यंदा मधे दिवाळीचा आठवडाही जातोय. बारशाची वाट बघत बसू नका. नाव ठरलेलं नसेल तर आईच्या नावाने "बेबी ऑफ अमुक" अशी नोंद करतात, नाव मागाहून बदलून मिळतं. महापालिकेच्या दाखल्याला उशीर होत असेल तर डिस्चार्ज समरी जोडा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न एचआरला विचारा: बाळाला एनआयसीयूत ठेवावं लागलं तर तो खर्च ५ लाखांच्या फ्लोटरमधून जाणार की मॅटर्निटीच्या मर्यादेतून? काही पॉलिसींत सिझेरियनला समजा ७५ हजारांची मर्यादा असते आणि बाळाचा खर्चही त्यातच बसवतात. मग आईच्या बिलातच ते पैसे संपलेले असतात. मेलमध्ये ही ओळ सहसा नसते, पॉलिसीच्या अटींत असते.

कोथरूडची_सून

तीस दिवसांचा नियम आम्हाला चांगलाच महागात पडला. लग्न मेमध्ये झालं, नवऱ्याने माझं नाव ऑगस्टमध्ये पाठवलं. "लग्नाचा दाखला मिळाला नव्हता" हे कारण कुणी ऐकून घेतलं नाही. पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबा म्हणाले, ते एप्रिलमध्ये. डिलिव्हरी मार्चमध्ये झाली. सगळं बिल खिशातून. पत्रिका आणि लग्नाचा फोटो जोडून निदान मेल तरी टाकायला हवा होता, असं आता वाटतं.

दत्ता_नाशिक

तुमचा पगार किती आहे? २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय लागू होईल, त्यात आईवडीलही बसतात. मेडिक्लेमची भानगडच नको.

चिंचवडकर

दत्ताभाऊ, त्यापेक्षा जास्त आहे, ईएसआयमध्ये बसत नाही. मीनलताई, बाळाचं समजलं, धन्यवाद. पण सरमिसळ का नाही? प्रीमियम तर मीच भरतोय. आई घेतली काय, सासूबाई घेतल्या काय, माणसं दोनच ना?

मीनल_का

माणसं दोनच, पण तुम्ही कोणती दोन निवडलीत ते बघा ना! तिघांमधली जी दोन आजारी, नेमकी तीच. विमा कंपनी आईवडिलांचा दर लावते तेव्हा जोडीतला एक ठीक असेल असं धरून लावते. ग्रुप पॉलिसीत जुन्या आजारांना बहुधा प्रतीक्षा नसते, म्हणजे बायपास झालेले वडीलही पहिल्या दिवसापासून चालतात. वर निवडीचीही मोकळीक दिली तर पुढच्या वर्षी सगळ्यांचाच दर चढतो. काही कंपन्या सरमिसळ चालवून घेतात, पण ते त्यांनी विमा कंपनीशी आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या मेलमध्ये नाही म्हटलंय म्हणजे तिथे एचआरच्याही हातात काही नाही.

आता हिशोब. सासूबाईंना बाहेर स्वतंत्र पॉलिसी घेतली तर गुडघा बदलण्यासाठी साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलंय हे फॉर्ममध्ये लिहावंच लागेल. तुमच्या ग्रुपमध्ये त्या आल्या तर ऑपरेशन याच वर्षी होऊ शकतं. पण पालकांच्या कव्हरला को-पे आहे का ते बघा. २० टक्के असेल आणि बिल २ लाख ८० हजार झालं, तर ५६ हजार तुमचे. गुडघ्यावर वेगळी मर्यादा असेल तर आणखी. उलट वडिलांना बायपासनंतर बाहेर नवी पॉलिसी मिळणंच अवघड, आणि हृदयाचं दुखणं तारीख सांगून येत नाही. गुडघ्याला निदान थांबता येतं. मी असते तर आईवडील घेतले असते. पण सासूबाईंना जिना चढता येत नसेल तर तुमच्या घरात हे वाक्य मी बोलणार नाही.

निवांत_बाळू

यंदा सासूबाई घ्या, गुडघा उरका, पुढच्या वर्षी आईवडील! मी तर हेच केलं असतं.

मीनल_का

ते बऱ्याच जणांना सुचतं, म्हणूनच अनेक ठिकाणी जोडी दोन-तीन वर्षं बदलता येत नाही. चिंचवडकर, हे लेखी विचारा. आणि वहिनी नोकरी करत असतील तर त्यांच्या ऑफिसात त्यांच्या आईचं नाव घालता येतंय का, हेही बघा.

चिंचवडकर

बायकोची नोकरी गेल्या वर्षी सुटली, नाहीतर प्रश्नच नव्हता. आज एचआरला मेल केला, उत्तर आलं. को-पे २० टक्के. जोडी एकदा निवडली की तीन वर्षं तीच. आम्ही आईवडिलांचं नाव भरलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या "मला काय झालंय", आणि विषय बदलला.

एनआयसीयूचा खर्च कुठून जाणार याचं उत्तर मात्र अजून नाही, "विमा कंपनीला विचारून कळवतो" म्हणाले. शिवाय नवीनच शंका: ३० दिवसांत मी एचआरला मेल केला पण त्यांनी यादी विमा कंपनीला महिनाअखेरीस पाठवली, तर कोणती तारीख धरणार?

मीनल_का

आमच्याकडे कर्मचाऱ्याच्या मेलची तारीख धरून घेतात, पण दोनदा यावरून भांडावं लागलंय. जन्माच्या दुसऱ्या दिवशीच एचआरला मेल करा, त्या मेलचा स्क्रीनशॉट ठेवा. आठवड्याने ई-कार्ड डाउनलोड करून बाळाचं नाव त्यावर आलंय का ते बघा. कार्डावर नाव दिसेपर्यंत नोंद झाली असं समजू नका.