उद्याच्या पूजेसाठी भटजींना आज मेसेजमध्ये काय लिहू?

केळीचा खांब: उद्या सकाळी सत्यनारायण आहे. भटजी नवीन, पहिल्यांदाच येणार. मी लिहिलंय, "नमस्कार, उद्या आठला या, सगळं साहित्य तयार आहे." एवढं पुरे ना? लवकर सांगा, ते लवकर झोपतात.

मडगावची: आठला पूजा सुरू, की आठला दारात? घर कुठे?

मळेकर: पणजीत आमच्या मळ्यात गाडीला जागाच मिळत नाही. मागच्या श्रावणात भटजी अर्धा तास नुसते फिरले. जागा आदल्या रात्रीच धरून ठेवा.

केळीचा खांब: घर दिवाडीला. अंगणात हवी तेवढी जागा आहे. आठला दारात हवेत.

पोथीघर: मग हेच आधी सांगायचं ना! दिवाडीला फेरीबोटीशिवाय वाट नाही. रायबंदरची फेरी एका धक्क्याला लागते, जुने गोवेची दुसऱ्या. कुठल्या फेरीने यायचं ते लिहिलं नाही, तर तुमचा माणूस एकीकडे आणि भटजी दुसरीकडे. सकाळी गाड्यांची रांगही असते. गाडी अलीकडे ठेवून चालत फेरीत चढले, तर तो वेळ वाचेल. घ्यायला यजमानाने जायचं नाही. तो आंघोळ करून सोवळ्यात असतो, फोन कोण उचलणार? भाऊ किंवा पुतण्याचा नंबर द्या.

मडगावची: आणि साहित्याची यादी पूर्ण टाका, एकूण एक वस्तू.

पोथीघर: यादी त्यांनीच दिलेली असते, ती परत कशाला वाचतील? काय नाही तेवढं लिहा. "सगळं तयार" वाचून ते निर्धास्त येतात आणि चौरंगासमोर बसल्यावर कळतं की जानवं नाही. बाबांबरोबर जाताना हे मी किती घरी बघितलंय!

नवी सून: दक्षिणा पाकिटात देतात की ताटात?

केळीचा खांब: खरंच, जानवं नाही आमच्याकडे! शाळीग्रामही नाही, बाळकृष्ण आहे. आता हे बघा:

"नमस्कार भटजी. उद्या सकाळी सत्यनारायण, दिवाडी. आपण आठला घरी पोचावं, साडेआठला पूजेला बसू. कृपया जुने गोवेच्या फेरीने यावं, गाडी अलीकडेच ठेवावी. उतरल्यावर माझा भाऊ स्कूटर घेऊन धक्क्यावर असेल, त्याचा नंबर खाली देतो. सव्वा किलो रवा, केळीचे चार खांब, पंचामृत, विड्याची पानं आणून ठेवली आहेत. पूजेला घरचा बाळकृष्ण आहे. जानवं मात्र नाही, आपण आणाल का? आई-बाबा पूजेला बसतील."

पोथीघर: छान. फक्त त्यांना विचारा, आधी दुसरीकडे पूजा आहे का. असली तर आठ वाजता येणं जमायचं नाही.

मळेकर: मेसेज कशाला? सरळ फोन करा. आमचे भटजी मेसेज बघतच नाहीत.

पोथीघर: फोनवरची वेळ सकाळपर्यंत लक्षात राहत नाही. लिहिलेलं हवंच.

केळीचा खांब: ते विचारून पाठवला. दहा मिनिटं झाली, अजून एकच टिक.

मडगावची: मग आता फोनच कर बाबा.